पहिलीतल्या मुलांचा स्वतःचा चित्रशब्दकोश: वह्या भरल्या, पण मुलांना वाचता येईनात

खडूची_पूड

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एका मराठी माध्यमाच्या शाळेत पहिलीला शिकवते, वर्गात ३१ मुलं. जुलैत मोठ्या हौसेने प्रत्येकाला एक एक जाड वही दिली, वर प्रत्येकाचं नाव, आणि आत अ पासून ज्ञ पर्यंत एकेका अक्षराला एक पान आखून दिलं. रोज एक नवा शब्द मी फळ्यावर लिहायचा, मुलांनी तो त्या त्या पानावर लिहून शेजारी चित्र काढायचं, असं दिवाळीपर्यंत नेटाने चाललं. वह्या इतक्या छान दिसतात की पालकसभेत सगळ्यांनी फोटो काढले.

आता घोळ सांगते. सुट्टीनंतर सहज एकीला म्हटलं वाच ग तुझी वही, तर तिने धडाधड वाचली, फक्त 'मांजर' लिहिलंय तिथे ती 'माऊ' म्हणाली. मग मी चित्रावर हात ठेवला आणि परत विचारलं तर गप्प. सगळ्या वर्गाचं असं करून पाहिलं. हात ठेवल्यावर स्वतःच्याच वहीतले निम्मे शब्द वाचणारी मुलं सात-आठ निघाली. बाकीची चित्रं वाचत होती इतके दिवस 😞

शिवाय क, प, म, स ची पानं भरून वाहतायत आणि ठ, ढ, ण, ळ कोरी. एकाने विचारलं, "ताई, ण चा शब्द कधी देणार?" काय सांगू त्याला? ण ने सुरू होणारा शब्द आहेच कुठे, म्हणून तर आपण 'ण बाणाचा' म्हणतो ना.

कुणी असं काही केलंय का? जूनपासून वेगळं करू की आत्ताच काही वाचवता येईल?

कोथरूडचा_पोपट

ताई, एवढा खटाटोप कशाला? अप्पा बळवंत चौकात तयार चित्रशब्दकोश ढिगाने मिळतात, गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. भाचीसाठी मराठी-इंग्रजी दोन्ही असलेला घेतला, वर्षभर टिकला. तुम्हाला हवा असेल तर दुकान सांगतो.

खडूची_पूड

पोपटराव, धन्यवाद, पण विकतचा नकोय. मुलांनी स्वतः करायचाय, तेच तर कामाचं आहे त्यात.

मधलीसुट्टी

तुमचं निदान तुम्हीच केलंय की. हात ठेवला तर वाचता येत नाही, म्हणजे दोष चित्राचा. जवळ चित्र असलं की मूल अक्षराकडे कशाला बघेल? मी शिकवणीत सगळी चित्रं बंद केली, नुसत्या शब्दपट्ट्या, आणि वाचन सुधारलं. सरळ चित्र काढून टाका.

दुरेघी

मी पहिली-दुसरीच्या शिक्षकांबरोबर बरीच वर्षं काम केलंय, म्हणून जरा लांब लिहिते, चालवून घ्या.

मधलीसुट्टी, अर्धं बरोबर आहे तुमचं. शब्द आणि चित्र एकाच नजरेत असले की मूल चित्रावरून अंदाज करतं, ते खरं. पण चित्र काढूनच टाकलं तर 'ओसरी'सारख्या शब्दाचं काय? तो शब्द पुण्यातल्या फ्लॅटमधल्या मुलाने घरात ऐकलेलाच नाही. त्याला अक्षरं जोडून 'ओसरी' वाचता आलं तरी हाती काय लागलं, नुसता आवाज. म्हणजे नवे शब्द दोन जातीचे असतात. एक, जे मुलाच्या तोंडात आहेत पण डोळ्यांना नवे आहेत, जसं मांजर. दुसरे, जे कानालाच नवे आहेत. पहिल्या जातीला चित्राची फार गरज नाही, दुसरीला आहे. खडूताईंच्या वहीत दोन्ही एकाच पद्धतीने घेतले गेलेत असं वाटतंय.

उपाय तसा साधा आहे. वही सोडा, सुटी कार्डं करा. एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला शब्द. ए-फोर आकाराचं कार्डशीट घेऊन त्याचे चार तुकडे केले की हाताएवढं कार्ड होतं. कार्डशीटच घ्या, साध्या कागदावर स्केचपेनचा रंग मागे उतरतो आणि पोरं लगेच शोधून काढतात, "ताई मागून दिसतंय चित्र!" डाव्या कोपऱ्यात पंचने भोक पाडायचं आणि बुटाची नाडी ओवायची. रिंग सुंदर दिसते पण सहा वर्षांच्या बोटांना उघडत नाही, मग दिवसभर तुम्हीच रिंगा उघडत बसता.

आता दुसरं, आणि मला विचाराल तर मूळ दुखणं हेच. शब्द कुणाचे होते? फळ्यावरचे, म्हणजे तुमचे. एकतीस वह्या आणि एकतीसांत तेच शब्द, तर मग त्यात 'स्वतःचा' शब्दकोश कुठे राहिला? न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर नावाच्या बाई माओरी मुलांना शिकवायच्या, त्या रोज प्रत्येक मुलाला विचारायच्या की आज तुला कुठला शब्द हवाय, तो कार्डावर लिहून द्यायच्या. दुसऱ्या दिवशी सगळी कार्डं जमिनीवर पसरायची आणि ज्याने त्याने आपापली शोधून घ्यायची. जे कार्ड ओळखता आलं नाही ते बाद. मुलाला त्या शब्दाचं काही पडलेलं नाही असा त्याचा अर्थ, मग तो कशाला घोकायचा.

खडूची_पूड

बाद करायचं? मुलाला वाईट नाही वाटणार?

आणि एकतीस जणांना एकेक विचारायला वेळ कुठून आणू, तासिका ३५ मिनिटांची आहे.

दुरेघी

गाजावाजा न करता बाद करायचं. "हा नको वाटतो तुला, दुसरा घेऊ" एवढंच. मुलं त्याचं काही मनाला लावून घेत नाहीत, आपल्यालाच वाटतं.

वेळेचं म्हणाल तर रोज सगळ्यांना विचारूच नका. रोज सहा जण, सोमवार ते शुक्रवार म्हणजे तीस, आणि एकतिसावं त्या आठवड्यात जो गैरहजर होता त्याच्या जागी. एकाला तीन मिनिटं लागतात, म्हणजे अठरा-वीस मिनिटं. बाकीची पोरं तेवढ्यात कालच्या कार्डांवर चित्रं काढतात किंवा जोडीने एकमेकांना वाचून दाखवतात. आठवड्याला मुलामागे एकच शब्द होतो, कमी वाटेल. पण आता डिसेंबर ते मार्च पंधरा आठवडे धरले तरी पंधरा शब्द होतात, त्यातले बारा-तेरा हात ठेवूनही वाचता आले तर वहीतल्या पन्नासांपेक्षा परवडलं.

तीन मिनिटांत काय करायचं तेही सांगते. मूल शब्द बोलतं, लगेच लिहून द्यायचं नाही. आधी त्यालाच पाटीवर लिहू द्यायचं, जसा येईल तसा. 'पतंग'चा 'पतग' होईल, 'मांजर'चा 'मानजर' होईल. मग तुम्ही कार्डावर ठळक मार्करने बरोबर लिहायचं आणि दोन्ही शेजारी ठेवून विचारायचं की काय वेगळं दिसतंय? टिंब राहिलं हे त्याचं त्यालाच दिसतं. शेवटी त्याने बोट फिरवत एकदा वाचायचं. चित्र नंतर, जागेवर जाऊन, मागच्या बाजूला.

धायरीची_आई

हे वाचून मला हसावं की रडावं कळेना. माझी मुलगी पहिलीत आहे (दुसऱ्या शाळेत हं) आणि असाच चित्रकोश 'प्रोजेक्ट' म्हणून घरी दिलाय. तिने काढलेला हत्ती बटाट्यासारखा दिसतो म्हणून मीच काढला हत्ती 🙈 मग वाघ, मोर, जहाज सगळं मीच. रात्री अकरा वाजता मी मोराच्या पिसाऱ्याला निळा रंग देतेय आणि लेक झोपलीय. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका बाबांनी तर छापील फोटो कापून चिकटवलेलं पूर्ण पुस्तक टाकलं, त्यावर पन्नास अंगठे.

दुरेघी

धायरीची आई, प्रामाणिकपणाबद्दल शाबासकी 😄 म्हणूनच कोश घरी द्यायचा नाही, निदान मार्चपर्यंत तरी. बटाट्यासारखा हत्तीच हवाय आपल्याला. मुलाला नंतर कधी चित्र दिसलं की त्याने ते काढताना काय बोललं ते आठवतं, आईचा मोर त्याच्याशी काही बोलत नाही.

सदाशिव_आजोबा

कार्डे, नाड्या, बुटाच्या... ठीक आहे. परंतु शब्दकोश म्हटले की क्रम आलाच. वर्णमालेचा क्रम नसेल तर तो कोश नव्हे, तो गठ्ठा. २००९ च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ हे स्वरही वर्णमालेत आले आहेत हे किती शिक्षकांस ठाऊक आहे? मुले आज 'ॲम्ब्युलन्स' आणि 'ऑटो' म्हणतात, ते कुठल्या पानावर लिहिणार? आमच्या वेळी पाटी होती, पाटीवर मूळाक्षरे शंभर वेळा गिरवली, त्यामुळे क्रम डोक्यात पक्का बसला.

मधलीसुट्टी

आजोबा, पाटी पुसली की सगळं गेलं, कोश कसा राहणार त्यावर 😀

दुरेघी

आजोबा, क्रम हवाच, पण आधी नको. पहिलीच्या पुस्तकातसुद्धा अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने येत नाहीत, गटागटाने येतात, म्हणजे दोन-चार अक्षरं आणि एखादी मात्रा शिकली की लगेच शब्द वाचता येतात. जुलैत मुलाला अ ते ज्ञ ची रिकामी पानं दिली तर त्यातली बहुतेक अक्षरं त्याच्या ओळखीचीच नसतात, क्रम घेऊन तो करणार काय.

म्हणून कार्डं सुटी. वीस-पंचवीस झाली की एक दिवस नाड्या सोडायच्या, सगळा गठ्ठा जमिनीवर, आणि मुलांनाच म्हणायचं की लावा. पहिल्या खेपेला ती अक्षरावर लावत नाहीतच. प्राण्यांचा एक ढीग, खाऊचा एक ढीग, 'माझ्या आवडीचे' एक ढीग. लावू द्या. मग आपण विचारायचं की मला 'कावळा' पटकन हवाय, कुठे शोधू? तिथे अडतं गाडं, आणि तिथून पहिल्या अक्षराची गोष्ट सुरू होते. पहिलीला फक्त पहिलं व्यंजन बघायचं, काना मात्रा वेलांटी सोडून द्यायची. कमळ, कावळा, किल्ली, कुत्रा सगळे क च्या घरात. आतला बाराखडीचा क्रम दुसरीत. प्राणी आणि प्रकाश प मध्ये, तो जोडाक्षराचा भाग समजावत बसायचा नाही.

एक गंमत सांगते. एका वर्गात एका मुलीने च चे दोन ढीग केले. एकात चाक, चमचा, चूल. दुसऱ्यात चंद्र, चिमणी, चेंडू. बाई म्हणाल्या अगं सगळे च चेच आहेत. ती म्हणाली नाही, हे वेगळे वाजतात. आणि ती बरोबर होती! लिपीत एकच अक्षर, तोंडात दोन. आपल्याला मोठेपणी ऐकू येत नाही ते. ज आणि झ चंही तसंच, जहाज आणि जीभ म्हणून बघा. त्या बाईंनी दोन्ही ढीग ठेवू दिले, आणि वर एकच च चं कार्ड लावलं.

रानमेवा

मी वेगळंच विचारते. आमच्या शाळेत बांधकामावरच्या मजुरांची मुलं खूप आहेत, घरी कुणी लमाणी बोलतं, कुणी कन्नड, कुणी हिंदी, मराठी बोलणारीही वेगवेगळ्या भागांतली. सप्टेंबरमध्ये मी असंच शब्द मागायला सुरुवात केली. एका मुलाने बादलीचं चित्र काढून 'बालदी' म्हटलं. मी म्हटलं बादली म्हण. त्याने बादली म्हटलं, कार्ड घेतलं, आणि पुढचे तीन आठवडे तो 'आंबा'च मागत राहिला. दर वेळी आंबा. आंबा चुकत नाही ना, म्हणून. मला कळायला वेळ लागला.

मग परवा मी त्याला कामावर आई काय वापरते विचारलं. घमेलं, फावडं, खडी, सेंट्रिंग, एकामागून एक. 'सेंट्रिंग'चं चित्र त्याने खांब आणि आडव्या फळ्या असं इतकं नेमकं काढलं की मीच शिकले. पण बालदीचं काय करायचं? आणि ज्या मुलीने लमाणी शब्द दिला तो मी लिहू तरी कसा, मला उच्चारच धड येत नाही.

सदाशिव_आजोबा

प्रमाण शब्दच लिहावा. पुढे पेपरात बालदी लिहिले तर गुण कोण देणार?

दुरेघी

आजोबा, पेपराला अजून वेळ आहे. रानमेवा, मी असते तर एका कार्डावर दोन्ही लिहिले असते, वर बालदी, खाली बादली. घरी हे, पुस्तकात ते. त्यासाठी एका बाजूला जागा सोडून लिहायचं. मुलांना दोन नावं चालतात, त्यांना घरीही दोन नावं असतातच की.

लमाणीचं मात्र माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. देवनागरीत जमेल तसं लिहून आईला वाचून दाखवलं, तिने हो म्हटलं की झालं, असं आम्ही केलंय, पण दोन वेगळ्या आयांनी एकच शब्द दोन प्रकारे सांगितलाय, मग कोणता ठेवायचा यावर आमच्यातच एकमत झालं नाही.

मधलीसुट्टी

बरं, माझा चित्र-विरोध मागे घेतो, अर्धा. पण क्रियापदांचं काय? 'धावणे'चं चित्र म्हणून मूल माणूस काढतं, महिन्याने तेच कार्ड 'बाबा' म्हणून वाचतं. 'जड', 'नंतर', 'उद्या' हे तर काढताच येत नाहीत.

दुरेघी

हा प्रश्न आवडला. बहुतेक कोश नामांचेच होतात ते यामुळेच. क्रियापदाला मुलाने स्वतःच्या तोंडचं छोटं वाक्य द्यायचं, शब्दाखाली आपण लिहायचं. 'मी बसमागे धावलो.' चित्रात बस येते, मग तो बाबा उरत नाही. 'जड'ला एका मुलीने दोन पिशव्या काढल्या होत्या, एक जमिनीला टेकलेली आणि एक हवेत, हातात. मला नसतं सुचलं. 'नंतर' आणि 'उद्या' मात्र सोडून द्या, ते चित्रकोशात मावत नाहीत आणि मुलं ते मागतही नाहीत. पुस्तकातला एखादा शब्द कानाला नवा असेल तर तोही थेट काढायला सांगू नका. आधी बोलणं व्हावं, खोटी का होईना ओसरी दाखवावी, मग चित्र. नाहीतर ओसरी म्हणून बाल्कनी येते.

धायरीची_आई

लेकीला आत्ता विचारलं ओसरी म्हणजे काय. म्हणाली, "पाऊस थांबला ना आता, तसं." ओसरला! 😂

खडूची_पूड

तीन आठवड्यांनी परत आले, खबर द्यायला. मुख्याध्यापकांना कार्डशीटचा खर्च पटवायला एक आठवडा गेला, मग बोहरी आळीतून एकदम आणली, वर्गातच चार-चार तुकडे केले. जुन्या वह्या फेकल्या नाहीत, मुलांनी त्यातून आपल्याला हवे ते शब्द कापून घेतले. फक्त शब्द, चित्र नाही. आणि कापलेला शब्द चित्राशिवाय वाचता आला तरच कार्डावर चिकटवायचा असं ठरवलं. गंमत म्हणजे 'माऊ' म्हणणारीने मांजर घेतलंच नाही, तिने 'शेपूट' घेतलं.

अडचणी आहेत. सहाऐवजी रोज चारच जण होतात माझे, तीन मिनिटांची पाच होतात कारण पोरं शब्द सांगता सांगता गोष्टच सांगतात. दोन मुलं अजून शेजारच्याचाच शब्द मागतात. एकाने सलग तीनदा 'डायनासोर' मागितला, दर वेळी नवीन कार्ड, आणि तो आता बिनचूक वाचतो, त्यामुळे मी काही बोलले नाही. आणि हो, नाड्यांना गाठी बसल्या, सोडवताना नखं गेली माझी, दुरेघीताई, हे आधी सांगायचंत ना.

दुरेघी

गाठ नाही मारायची, दोन्ही टोकांना एकेक मोठा मणी. चुकलंच सांगायचं. आणि चार तर चार, दोन आठवड्यांत एक फेरी होते. गोष्ट सांगू दे.

सदाशिव_आजोबा

क्रम लावलात का?

खडूची_पूड

काल पहिल्यांदा लावला आजोबा, तुमची आठवण काढूनच. ॲम्ब्युलन्ससाठी ॲ चं वेगळं घर केलंय, ए च्या शेजारी. च चे ढीग आमच्याकडे कुणी दोन केले नाहीत, मी वाट बघत होते. ण चं घर रिकामं पाहून पोरांना फार वाईट वाटलं, मग एकाने आपलं 'बाण' तिथे नेऊन ठेवलं. ते पाहून दुसरीने 'बाळ' उचलून ळ मध्ये ठेवलं, तर तिची मैत्रीण म्हणाली बाळ ब मध्येच. दोघी रडकुंडीला आल्या. घंटा झाली, कार्ड माझ्या टेबलावर आहे, उद्या परत तोच खटला.